सव्वा पेला पाणी, दोन मिनिटं वारा

मशरूमची पहिली स्वयंचलित खोली माणसाने बांधलेली नाही. ती बांधली वाळवीने. कोकणात पावसाळ्यात वारुळांवर जी अळंबी उगवते आणि जिच्या वाट्यांसाठी बाजारात झुंबड उडते, ती वाळवीच्या शेतातलं पीक असते. वाळवी पालापाचोळा चावून वारुळाच्या पोटात नेते, त्याचे पोळ्यासारखे थर रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. हा उद्योग सुमारे तीन कोटी वर्षं चालू आहे.

आत ऊब हवी, दमटपणा हवा आणि हजारो वाळव्यांनी व बुरशीने सोडलेली हवा बाहेरही जायला हवी. मग वारुळाला फॅन कुठला? बंगळुरूतल्या वारुळांवरचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात याचं उत्तर मिळालं. दिवसा वारुळाच्या बाहेरच्या बाजूंचे पोकळ उभे कंगोरे आधी तापतात आणि त्यांतली हवा वर चढते. रात्री तेच आधी गार होतात आणि हवा उलटी फिरते. दिवस-रात्र हाच त्यांचा टायमर.

आपल्याकडे दहा बाय दहाची खोली आहे, दोरीला टांगलेले धिंगरीचे बेड आहेत, एक ह्युमिडिफायर, एक एक्झॉस्ट फॅन आणि एक बल्ब आहे. तिन्ही यंत्रं विकत घेणं सोपं असतं. अवघड असतं ते त्यांचं आपसातलं भांडण मिटवणं. त्या भांडणाच्याच या काही गमतीजमती.

१. मशरूमला धाप लागते, आणि मान लांब होते

मशरूम शेतात उगवतं म्हणून आपण त्याला झाडात जमा करतो. पण श्वास ते आपल्यासारखाच घेतं. ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर, तोही दिवसरात्र. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२५ भाग, म्हणजे ४२५ पीपीएम असतं. बंद खोलीत भरलेले बेड टांगले की ते काही तासांतच हजारांत जातं. धिंगरीला फळं धरताना ते साधारण हजाराच्या आत हवं असतं.

ते वाढलं, तर सेन्सर नसतानाही कळतं. देठ लांबलचक होतात आणि छत्री बटणाएवढीच राहते. ताज्या हवेच्या शोधात कुणी पाण्याबाहेर मान काढावी, तसं ते दिसतं. फॅन कमी पडतोय, हे खोलीने सांगितलेलं असतं.

गंमत म्हणजे हाच दोष एका मशरूमचा दागिना ठरला आहे. सूपमध्ये दिसणारं, शेवयांसारखं पांढरं, बारीक, लांब एनोकी मशरूम मुद्दाम अंधारात आणि कोंदट हवेत वाढवतात. जंगलात तेच मशरूम तपकिरी, आखूड आणि रुंद छत्रीचं असतं.

२. खोलीभर दमटपणा म्हणजे सव्वा पेला पाणी

धिंगरीला ८५ ते ९० टक्के आर्द्रता लागते म्हटल्यावर डोळ्यांपुढे पाण्याची टाकी येते. हिशोब करून पाहू. दहा बाय दहा बाय आठ फुटांची खोली म्हणजे ८०० घनफूट, साधारण २२.७ घनमीटर. २५ अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. फेब्रुवारीतल्या पुण्याच्या दुपारी आर्द्रता ४० टक्के धरली, तर खोलीतल्या हवेत सुमारे २१० ग्रॅम पाणी आहे. ९० टक्क्यांना लागतं ४७०. फरक २६० ग्रॅम, म्हणजे सव्वा पेला.

इतकंच? हो, पण फॅन लागेपर्यंत. फॅन लागला की तो सव्वा पेला खिडकीबाहेर जायला लागतो आणि आत येते ती कोरडी हवा. एक यंत्र भरतं, दुसरं ओततं. तासाला ३०० मिलिलिटर धुकं सोडणारा घरगुती ह्युमिडिफायर खोली एकदा भरायलाच पाऊण तासाहून जास्त घेतो, आणि तेवढ्यात फॅनची पाळी परत येते. मशीन अखंड चालू, टाकी रिकामी आणि आकडा मात्र ७० वर अडकलेला, असं झालं तर मशीन बिघडलेलं नसतं, लहान असतं. या खोलीला तासाला लिटरभर पाणी सोडणारं यंत्र हवं.

३. पाच मिनिटं की दोन मिनिटं?

सहा इंची एक्झॉस्ट फॅन ताशी २५०-२७० घनमीटर हवा ओढतो असं धरू. मग पाच मिनिटांत खोलीएवढी हवा बाहेर पडते. म्हणजे सगळी हवा बदलली? नाही. नवी हवा आत येता येताच जुनीत मिसळते आणि फॅन ती मिसळलेली हवा बाहेर टाकतो. भांडं रिकामं न करता ताकात पाणी ओतत राहावं आणि ते वाहू द्यावं, तसंच. खोलीभर हवा गेली तरी प्रत्यक्षात ६३ टक्केच हवा नवी होते.

आता आर्द्रता पाहा. ९० टक्के असलेल्या खोलीत ६३ टक्के हवा ४० टक्क्यांची आली, तर आकडा येतो ५८ वर. भिंती आणि बेड थोडा ओलावा परत देतात, पण पाणी बाळगणाऱ्या कोवळ्या पिनहेडना हा झटका झेपत नाही. ते पिवळसर पडून वाळतात.

उपाय फुकटचा आहे. अर्ध्या तासाला पाच मिनिटं फॅन लावण्याऐवजी बारा मिनिटांतून दोन मिनिटं लावा. तासाला फॅन तेवढाच, दहा मिनिटंच चालतो. पण एका वेळी जेमतेम ३३ टक्के हवा बदलते आणि आर्द्रता ९० वरून ७३-७४ पर्यंतच उतरते. तेवढी भरून काढायला लिटरभराच्या ह्युमिडिफायरला पाच मिनिटं पुरतात.

इथेच बाजारातला स्वस्त टायमर फसवतो. गोल तबकडीच्या, खुंट्या दाबायच्या टायमरची एक खुंटी म्हणजे पंधरा मिनिटं. दिवसाच्या ९६ खुंट्या. त्याहून कमी वेळ त्याला माहीतच नाही. पंधरा मिनिटं फॅन चालला की खोलीच्या तिप्पट हवा बाहेर जाते, ९५ टक्के हवा बदलते आणि खोलीचं अंगण होतं. दिव्याला तो टायमर उत्तम. फॅनला मात्र ‘सायक्लिक टायमर’ मागा, ज्यात चालू आणि बंद वेळ मिनिटांत वेगवेगळी लावता येते.

४. आधी वारा, मग धुकं

फॅन आणि ह्युमिडिफायर एकाच वेळी लावले की धुक्याचा ढग सरळ फॅनकडे जातो आणि बाहेर पडतो. शेजाऱ्यांना फुकट महाबळेश्वर. म्हणून वायरिंगच असं करतात की फॅन चालू असताना ह्युमिडिफायरला वीजच मिळू नये. एका चेंजओव्हर रिलेने हे काम होतं. एका बाजूला फॅन, दुसऱ्या बाजूला ह्युमिडिफायर.

ह्युमिडिफायरला मात्र घड्याळ लावू नका, आर्द्रतेचा स्विच लावा. नवशिके त्यात एकच आकडा टाकतात, ९०. मग ८९ ला मशीन सुरू, ९० ला बंद, परत ८९. रिले दिवसभर टकटक करतो आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याची टोकं जळून चिकटतात. दोन आकडे द्या. ८५ ला सुरू, ९२ ला बंद. मधली जागा ही त्याची विश्रांती.

आणि ९२ ला बंद का, ९९ ला का नाही? २५ अंशांना ९० टक्के आर्द्रतेची हवा फक्त दोन अंशांनी गार झाली की दव पडायला लागतं. पहाटे पत्र्याखाली किंवा बाहेरच्या भिंतीजवळ हे हमखास होतं. ते पाणी छत्र्यांवर पडून तासनतास राहिलं, तर पिवळे-तपकिरी, चिकट डाग उठतात. हा जिवाणूंचा रोग आहे. फळाला दमट हवा हवी असते, ओलं अंग नको असतं. फॅन हवा बदलण्यासोबत अंग पुसण्याचंही काम करतो.

५. पावसाळ्यात मीठ का पाझरतं, आणि त्याचा इथे काय उपयोग

जुलैत मुंबईच्या स्वयंपाकघरात मिठाला पाणी सुटतं, त्याला एक ठरलेला आकडा आहे, ७५ टक्के आर्द्रता. त्याच्यावर हवा गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढतं आणि त्याच्याखाली पाणी सोडतं. त्यामुळे ओल्या मिठाच्या सहवासात बंद डब्यातली हवा बरोबर ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. आपल्याकडच्या २०-३० अंशांच्या तापमानात हा आकडा जवळजवळ हलत नाही.

म्हणजे आर्द्रता मोजायच्या यंत्राची परीक्षा डब्यातल्या मिठानेच घेता येते. दोन चमचे मिठावर पाण्याचे थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखं करा, पातळ नको. छोट्या झाकणात ते भरा, शेजारी सेन्सर ठेवा, सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर राहू द्या. मीठ सेन्सरला लागू देऊ नका. सकाळी आकडा ७५ हवा. ७० दाखवला, तर तुमचं यंत्र पाच कमी बोलतं, त्याप्रमाणे ८५ आणि ९२ चे आकडे सरकवा.

ही परीक्षा महिन्यातून एकदा घ्यावी, कारण सतत धुक्यात राहिलेल्या स्वस्त सेन्सरवर पाणी बसतं आणि तो ९९ वर रुसून बसतो. मग ह्युमिडिफायर सुरूच होत नाही आणि खोली सुकत जाते. सेन्सर धुक्याच्या थेट झोतात न ठेवता बेडच्या उंचीवर, खोलीच्या मध्यात टांगा.

६. खोटं बोलायला शिकणारा सेन्सर

कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर घेतलात, तर एक खोड लक्षात ठेवा. काही लोकप्रिय सेन्सर स्वतःला रोज दुरुस्त करतात. त्यांचं तत्त्व साधं आहे. चोवीस तासांत कधीतरी खिडकी उघडली जाणारच, तेव्हा हवा बाहेरसारखी म्हणजे ४०० पीपीएम असणार, म्हणून दिवसातला सर्वांत कमी आकडा ४०० समजायचा. ऑफिससाठी ही युक्ती ठीक आहे.

मशरूमच्या खोलीत मात्र सर्वांत कमी आकडाच ७०० असतो. सेन्सर त्याला ४०० म्हणून मोकळा होतो. मग खरे हजार झाले तरी पडद्यावर सातशेच दिसतात, फॅन आरामात बसतो, आणि तिकडे धिंगरीची मान लांब होत जाते. पडद्यावर सगळं झकास आणि बेडवर लांब देठ, असं दिसलं तर बेडवर विश्वास ठेवा. सेन्सरच्या सेटिंगमध्ये ही आपोआप दुरुस्ती बंद करता येते. ती बंद करून महिन्यातून एकदा त्याला अर्धा तास गच्चीवर नेऊन आणा, आकडा ४२५ च्या आसपास येतो का पाहा.

आणखी स्वस्तात जे ‘एअर क्वालिटी’ सेन्सर मिळतात, ते कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. इतर वायूंवरून अंदाज बांधतात. मशरूमच्या खोलीत त्यांचा काही उपयोग नाही.

७. वर्तमानपत्र वाचता आलं की उजेड पुरे

धिंगरी उजेडाने अन्न बनवत नाही. पण पूर्ण अंधारात ठेवली, तर तिला आपण बाहेर आलोत हेच कळत नाही. छत्री नीट उघडत नाही, नुसते देठांचे पोवळ्यासारखे फाटे फुटतात. उजेड तिच्यासाठी जेवण नसून निरोप आहे, ‘पृष्ठभाग आला, आता छत्री उघड.’

हा निरोप ती निळ्या उजेडात वाचते. म्हणून जांभळे महागडे ‘ग्रो लाइट’ घ्यायची गरज नाही. आपला साधा पांढरा एलईडी बल्ब मुळात निळाच असतो. आत निळा प्रकाश देणारी चिप असते आणि वर पिवळा लेप. निळा एलईडी बनवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या शोधाचा नऊ वॅटचा एक बल्ब आपल्या खोलीला पुरतो. पिवळसर नको, थंड पांढरा घ्या. दिवसाला दहा-बारा तास. उभं राहून वर्तमानपत्र वाचता आलं की झालं. बटण मशरूमला तर एवढाही उजेड लागत नाही.

एकच चूक टाळा. दिवा आणि फॅन एकाच टायमरवर लावू नका. उजेडाला रात्र असते, श्वासाला नसते.

८. पहिले अठरा दिवस सगळं बंद

सर्वांत गमतीची गोष्ट अशी की हौसेने बसवलेली सगळी यंत्रं सुरुवातीला बंद ठेवायची असतात. स्पॉन पेरून भरलेल्या बेडमध्ये पहिले दोन-अडीच आठवडे बुरशीचे पांढरे धागे काडात पसरत असतात. त्यांना अंधार चालतो आणि कोंदट हवा तर आवडते. ओलावा पिशवीतच असतो. ह्युमिडिफायरचं धुकं इथे फक्त हिरव्या बुरशीला आमंत्रण देतं.

या काळात लक्ष ठेवायचं ते उष्णतेवर. धागे वाढताना ऊब सोडतात, त्यामुळे पिशवीच्या पोटातलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त असतं. खोलीचा थर्मामीटर २८ दाखवत असला, तरी खेटून रचलेल्या बेडच्या आत ३२-३३ असू शकतात. म्हणून थर्मामीटरचं टोक भिंतीला न लावता दोन बेडच्या मध्ये खुपसा, आणि बेडमध्ये वीतभर अंतर ठेवा. पिशवी पांढरीशुभ्र झाली, चिरा दिल्या, की मग फॅन, धुकं आणि दिवा तिघांची एकदम पाळी येते. अंधारातून उजेडात आणि कोंदट हवेतून ताज्या हवेत आल्याचा तो धक्काच पिनहेडना जागं करतो.

९. नागपुरात जमतं, रत्नागिरीत का नाही?

पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं. म्हणून ह्युमिडिफायर थोडा कूलरही असतो. पण किती, ते बाहेरची हवा ठरवते. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेची विदर्भातली मे महिन्याची हवा ओल्या पॅडमधून ओढली, तर ती फार तर २३ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात चांगल्या पॅडवर २६-२७ मिळतात. धिंगरीच्या काही जाती तेवढ्यात निभावून नेतात.

कोकणात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तीच युक्ती २८ च्या खाली जाऊच शकत नाही. हवा आधीच भरलेली आहे, वाफ जाणार कुठे? तिथे ह्युमिडिफायरला काम कमी असतं आणि फॅन मात्र जास्त वेळ चालवता येतो, कारण बाहेरून येणारी हवा कोरडी नसते. पुण्याचं वेळापत्रक रत्नागिरीला उचलून नेलं तर दव पडेल. रत्नागिरीचं पुण्याला आणलं तर पिनहेड वाळतील. म्हणून दुसऱ्याच्या खोलीतली मिनिटं उतरवून घेऊ नका, आधी बाहेरची आर्द्रता बघा.

१०. वीज गेली की घड्याळ मागे पडतं

खुंट्यांचा टायमर विजेवरच फिरतो. दोन तास वीज गेली, की तोही दोन तास झोपतो. सकाळी सातला लागणारा दिवा नऊला लागतो, आणि असं तीनदा झालं की तुमची पहाट दुपारी उगवते. बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण वेळ विसरत नाही.

बोअरचं पाणी असेल तर दुसरी गंमत दिसते. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरची चकती सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक कण उडवते. पाण्यातले क्षारही त्याच कणांवर बसून उडतात, म्हणून छत्र्यांवर आणि भिंतीवर पांढरी भुकटी दिसते. चकतीवर साका जमला की धुकं कमी होतं. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी वापरा, आणि पाणी संपल्यावर चकती जळू नये म्हणून फ्लोट स्विच बसवाच.

ओल्या खोलीत वीज असल्यामुळे एक गोष्ट चेष्टेवारी नेऊ नका. ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवा, आणि रिले-टायमरची पेटी खोलीच्या बाहेर ठेवा. वायर पेटीत शिरण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलातच टपकतं.

आणि तोडणी करताना मास्क लावा. छत्रीच्या कडा सपाट झाल्या की धिंगरी कोट्यवधी बीजाणू उधळते. फॅनच्या पात्यांवर पांढरा लेप बसतो तो हाच. हे बीजाणू रोज छातीत गेले, तर खोकला आणि ताप मागे लागतो. कडा अजून खाली वळलेल्या असतानाच तोडलं, की चवही चांगली राहते आणि फॅनही.

तर आपल्या खोलीचं वेळापत्रक

पुण्याची फेब्रुवारी, फळं धरण्याचा काळ. दिवा सकाळी सात ते संध्याकाळी सात. फॅन दोन मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद, रात्रीसुद्धा. ह्युमिडिफायर ८५ ला सुरू, ९२ ला बंद, आणि फॅन चालू असताना मुका. पहिल्या दिवशी फॅन थांबल्यापासून आर्द्रता परत ८५ ला यायला किती मिनिटं लागतात, ते मोजा. सहा-सात लागली तर जमलं. दहा होऊनही आली नाही, तर ह्युमिडिफायर लहान आहे किंवा दाराखालून हवा गळते आहे.

पुढे आकड्यांपेक्षा बेडकडे बघायचं. देठ लांब दिसले की फॅनची बंद वेळ दोन मिनिटांनी कमी करा. कडा वाळून चिरल्या की तीच दोन मिनिटांनी वाढवा. छत्रीवर पाणी चकाकलं की ९२ चे ९० करा. एका वेळी एकच बदल करा आणि दोन दिवस थांबा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

फेब्रुवारी सरून ऊन वाढलं की हे आकडे परत जुळवावे लागतील. वाळवीला तेवढा त्रास नाही. तिचं वारूळ बाहेरच्या तापमानाच्या चढउतारावरच चालतं, त्यामुळे बाहेर बदललं की आतलं आपोआप बदलतं. आपल्या टायमरला मात्र बाहेर ऊन आहे की पाऊस हे माहीत नसतं. ते त्याला आपणच येऊन सांगायचं.